बांधकामाच्या बीओक्यूचे मराठी भाषांतर : दराची हद्द न हलवता कसे करावे

डिचोली तालुक्यातील एका देवस्थानाच्या सभामंडपाचे काम निघाले, तेव्हा सल्लागार अभियंत्याने दिलेला इंग्रजी बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी, त्यांची परिमाणे आणि दर यांचा तक्ता, मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले. समितीतील बहुतेकांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले होते, आणि ज्या कागदावर लाखांचा खर्च ठरणार आहे तो आपल्याला वाचता आला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. मी त्याआधी सरकारी परिपत्रके आणि सोसायट्यांचे अहवाल भाषांतरित केले होते, त्यामुळे सत्तर-बाहत्तर ओळींचा तक्ता दोन दिवसांत होईल असे मला वाटले. प्रत्यक्षात दोन आठवडे लागले, आणि त्यातला एक आठवडा मी स्वतःच केलेल्या चुका निस्तरण्यात गेला. हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यासाठी ही टिपणे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. बीओक्यूतील प्रत्येक ओळ म्हणजे कामाचे वर्णन नसून एका दराची हद्द असते. त्या दरात काय काय येते, काय येत नाही आणि मोजणी कशी होणार, हे त्या लांबलचक वाक्यात ठरवलेले असते. भाषांतर कितीही सुबोध झाले, तरी ही हद्द एक पाऊल जरी सरकली तर मालक आणि कंत्राटदार यांच्यात भांडण लागते.

१. काम घेण्यापूर्वी हातात काय असावे

पुढील कागद मिळाल्याशिवाय सुरुवात करू नये :

- बीओक्यूची मूळ एक्सेल फाइल. पीडीएफवरून उतरवून घेतलेल्या तक्त्यात ओळी तुटतात आणि उपबाबी भलत्याच मुख्य बाबीखाली जातात.
- बीओक्यूच्या आरंभी असणाऱ्या सर्वसाधारण टिपा. दरात कर, वाहतूक, पाणी, वीज धरली आहे का, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.
- तपशील-विनिर्देशांची, म्हणजे स्पेसिफिकेशन्सची, प्रत, किंवा निदान कोणते विनिर्देश लागू आहेत याचा स्पष्ट उल्लेख.
- पाया, खांब आणि स्लॅब यांचे नकाशे. एखादे वाक्य दोन प्रकारे लागत असेल, तर निकाल नकाशावरून लागतो.
- ज्या दरसूचीतून बाबी घेतल्या आहेत तिचे नाव आणि वर्ष.

शेवटचा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याची स्वतःची दरसूची आहे, पण खाजगी सल्लागार अनेकदा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीतील बाबी जशाच्या तशा उचलतात. त्या दरसूचीत बाबीच्या क्रमांकाचा पहिला भाग प्रकरण दाखवतो : २ म्हणजे मातीकाम, ४ म्हणजे साधे काँक्रीट, ५ म्हणजे आरसीसी, १३ म्हणजे गिलावा, रंग वगैरे. क्रमांक कुठून आला हे कळले की अर्धवट किंवा अडलेले वाक्य मूळ दरसूचीत पूर्ण वाचता येते. माझ्या बीओक्यूत टंकलेखकाने दोन ठिकाणी वाक्याचा शेवट खाल्ला होता, तो असाच सापडला.

२. क्रमांक, एकक आणि परिमाण यांना हात लावू नये

मूळ फाइलची एक प्रत तशीच बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीत वर्णनाच्या स्तंभाशेजारी मराठीचा नवा स्तंभ घालावा. क्रमांक, परिमाण, दर आणि रक्कम हे स्तंभ टंकून पुन्हा भरू नयेत. आकडे देवनागरीत करण्याचा मोहही टाळावा. एक्सेल देवनागरी अंकांना सहसा अक्षरे समजते, आणि मग तळाची बेरीज चुपचाप कमी येते.

दोन सापळे इथे हमखास असतात. पहिला बाबीच्या क्रमांकाचा. `5.10` हा क्रमांक साध्या सेलमध्ये टंकला की एक्सेल त्याला दशांश संख्या समजून `5.1` करते, आणि ५.१ व ५.१० या तर दोन वेगळ्या बाबी आहेत. दुसरा मिश्रणाच्या प्रमाणाचा. उपबाबीच्या ओळीत नुसते `1:2:4` टंकले तर एक्सेल ते घड्याळातील वेळ समजते आणि सेलमध्ये `1:02:04` असे काही दिसू लागते. यावर उपाय एकच आहे : टंकण्यापूर्वी ते स्तंभ ‘टेक्स्ट’ या प्रकारात बदलावेत. टंकल्यानंतर प्रकार बदलून गेलेले शून्य परत येत नाही.

काम संपल्यावर दोन्ही प्रती एकाच फाइलमध्ये ठेवून क्रमांकाचा स्तंभ असा पडताळावा :

```
=EXACT(Sheet1!A2,Sheet2!A2)
```

जिथे `FALSE` दिसेल ती ओळ उघडून पाहावी. मात्र शून्य मूळ फाइलमध्येच गळलेले असेल, तर हे सूत्र काही सांगणार नाही. त्याची खूण क्रमात दिसते : ५.८, ५.९ नंतर ५.१ आणि मग ५.११ आले, तर मधला क्रमांक ५.१० असणार. असे आढळले तरी स्वतः दुरुस्ती करू नये. अभियंत्याला लेखी कळवावे आणि त्याच्याकडून सुधारित फाइल घ्यावी, कारण करारनाम्याला जोडलेली प्रत त्याच्या सहीची असते.

३. मुख्य बाब आणि उपबाब एकत्र वाचाव्यात

बीओक्यूत आठ-दहा ओळींचे मुख्य वर्णन असते आणि त्याखाली उपबाबी येतात, ज्यांत कधी कधी फक्त ‘सर्व प्रकारच्या मातीत’ किंवा ‘१:४:८’ एवढेच लिहिलेले असते. परिमाण आणि दर मात्र या छोट्या ओळीसमोर असतात. ती ओळ एकटी वाचली तर तिला अर्थ नाही. वरचे संपूर्ण वाक्य तिच्यात उतरलेले आहे असे समजूनच ती वाचावी लागते.

मी पहिल्या खेपेला एकेक ओळ सुटी भाषांतरित केली, आणि त्यामुळे एका उपबाबीचे मराठी वाक्य मुख्य वर्णनाला व्याकरणाने जोडलेच जाईना. नंतर मी मुख्य वर्णनाचा शेवट मुद्दाम मोकळा ठेवू लागलो : ‘... करणे, पुढीलप्रमाणे :’. त्याखाली येणारी प्रत्येक उपबाब त्याच वाक्यात बसते की नाही, हे दोन्ही सलग वाचून पाहावे.

४. खोदकामाची बाब : एका शब्दाने केलेला घोटाळा

आता ज्या बाबीने मला सर्वांत जास्त शिकवले तिच्याकडे वळतो.

सभामंडपाला बारा खांब होते. प्रत्येक खांबाखालचा खड्डा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि २.१ मीटर खोल होता. म्हणजे एका खड्ड्याचे खोदकाम ८.४ घनमीटर आणि बारांचे १००.८ घनमीटर. बीओक्यूत खोदकामाची पहिली ओळ या परिमाणाची होती. तिचे वर्णन सोप्या शब्दांत असे होते : पायासाठी खोदकाम करणे, बाजू तासून सारख्या करणे, तळ धुमसाने ठोकणे, १.५ मीटरपर्यंतच्या लिफ्टमधून, म्हणजे तेवढ्या उंचीतून, माती वर काढणे आणि उरलेली माती ५० मीटरच्या लीडमध्ये, म्हणजे तेवढ्या अंतरात, सांगितलेल्या जागी टाकणे, हे सर्व धरून.

दुसरी ओळ होती २८.८ घनमीटरची, आणि तिचे इंग्रजी वर्णन ‘एक्स्ट्रा फॉर’ या शब्दांनी सुरू होत होते. मी तिचे भाषांतर ‘१.५ मीटरच्या पुढील प्रत्येक लिफ्टसाठी अतिरिक्त खोदकाम’ असे केले. समितीच्या खजिनदारांनी सरळ बेरीज केली, १००.८ आणि २८.८ मिळून १२९.६ घनमीटर, आणि नकाशावरून स्वतः हिशेब करून पाहिला तर तो १००.८ च येत होता. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “भटजी, बारा खड्ड्यांत एवढी माती आहे कुठे? कंत्राटदार आम्हांला फसवतो की तुम्ही?”

फसवत कोणीच नव्हते. दुसरी ओळ जादा खोदकामाची नव्हतीच, ती जादा दराची होती. खड्डा १.५ मीटरहून खोल गेला की खालची माती वर काढायला जास्त श्रम लागतात, म्हणून त्या खालच्या थरापुरता मूळ दराच्या वर आणखी थोडा दर मिळतो. खालचा थर ०.६ मीटरचा : २ गुणिले २ गुणिले ०.६ म्हणजे २.४ घनमीटर, आणि बारा खड्ड्यांचे २८.८. ही माती पहिल्या ओळीत मोजली गेलेलीच आहे. दुसऱ्या ओळीत तिच्यावरचा फक्त वाढीव दर लागतो.

योग्य भाषांतर असे हवे होते : ‘बाब क्र. अमुकमधील खोदकाम १.५ मीटरच्या लिफ्टहून खोल झाल्यास, पुढील प्रत्येक १.५ मीटरच्या लिफ्टसाठी किंवा तिच्या भागासाठी मूळ दराव्यतिरिक्त द्यावयाचा वाढीव दर’. यातील ‘किंवा तिच्या भागासाठी’ हे शब्दही गाळू नयेत. ते नसतील, तर ०.६ मीटरला पूर्ण वाढीव दर मिळणार की प्रमाणात कमी, हा वाद उभा राहतो. बीओक्यूत ‘एक्स्ट्रा फॉर’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ अशीच तपासावी : तिचे परिमाण आधीच्या एखाद्या बाबीच्या पोटात बसते का? बसत असेल तर तो वाढीव दर समजावा.

त्याच बाबीतील आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मी ‘लिफ्ट’ हा शब्द तसाच ठेवला होता, कारण साइटवर मुकादमापासून अभियंत्यापर्यंत सगळे तोच वापरतात. समितीच्या अध्यक्षांनी बैठकीत विचारले, “देवळाच्या मंडपाला लिफ्ट कशाला?” तेव्हापासून मी पहिल्याच उल्लेखाला ‘माती वर काढण्याची उंची, म्हणजेच लिफ्ट’ आणि ‘माती नेऊन टाकण्याचे अंतर, म्हणजेच लीड’ असे लिहितो आणि पुढे रूढ शब्द वापरतो. शुद्ध मराठी प्रतिशब्द घालून मूळ शब्द काढून टाकला, तर साइटवर कोणालाच काही कळत नाही.

खोदकामात थराचे नावही सांभाळावे लागते. आपल्याकडे दोन हात खोदले की जांभा लागतो. केंद्रीय विभागाच्या विनिर्देशांत कठीण जांभा हा सुरुंग न लावता पहार आणि टिकावाने फुटणाऱ्या ‘ऑर्डिनरी रॉक’ या वर्गात धरलेला आहे. त्याचे भाषांतर ‘साधा दगड’ असे केले, तर वाचणारा त्यात सुटे धोंडेही धरतो, आणि नुसते ‘खडक’ म्हटले तर तो कठीण खडकाच्या बाबीत मिसळतो. ‘साधा खडक’ आणि ‘कठीण खडक’ ही जोडी ठरवून शेवटपर्यंत तीच ठेवावी, आणि माती, साधा खडक, कठीण खडक या तीन वर्गांना तीनच नावे असावीत.

५. ‘पुरवून’, ‘धरून’ आणि ‘वगळून’

दराची हद्द ठरवणारे शब्द मोजकेच आहेत, पण वर्णनाच्या गर्दीत ते सहज निसटतात. त्यांच्यासाठी एकेक मराठी शब्द आधीच ठरवून घ्यावा.

‘प्रोव्हायडिंग अँड लेइंग’ याचे भाषांतर नुसते ‘काँक्रीट घालणे’ असे केले, तर माल मालकाचा आणि मजुरी कंत्राटदाराची असा अर्थ निघतो. गोव्यात केवळ मजुरीच्या दराने काम देण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की वाचणारा हाच अर्थ आधी घेईल. म्हणून ‘पुरवून घालणे’ असेच लिहावे, भले ते कानाला थोडे जड वाटो.

‘वगळून’ची गोष्ट याहून नाजूक आहे. आमच्या बीओक्यूत फुटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या पायाच्या, काँक्रीटची ओळ होती : बारा फुटिंग, प्रत्येक १.५ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि ०.४ मीटर जाड, म्हणजे एकूण १०.८ घनमीटर. तिच्या वर्णनात सेंटरिंग-शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी लावायच्या फळ्या व आधारांचा, खर्च आणि लोखंड वगळलेले होते. पुढे शटरिंगची स्वतंत्र ओळ होती, चारही बाजूंच्या क्षेत्रफळाने मोजलेली : एका फुटिंगचा घेर ६ मीटर, उंची ०.४ मीटर, म्हणजे २.४ चौरस मीटर आणि बारांचे २८.८. काँक्रीटच्या ओळीतील ‘वगळून’ हा शब्द मराठीत गळला, तर वाचणारा म्हणेल की काँक्रीटच्या दरात फळ्या आल्याच, मग ही दुसरी ओळ कशाला? उलट कंत्राटदाराने नंतर फळ्यांचे वेगळे पैसे मागितले, तर मराठी प्रत त्याच्याविरुद्ध दाखवली जाईल.

इंग्रजीत ‘एक्सक्लूडिंग’ हा शब्द आरंभी येतो आणि त्यामागे यादी लागते. मराठीत यादी आधी येते आणि ‘वगळून’ शेवटी. यादी लांब असेल, तर ‘वगळून’ नेमके कोणत्या वस्तूंना लागते हे अंधुक होते. अशा वेळी वाक्य तोडावे : ‘या दरात पुढील गोष्टी धरलेल्या नाहीत : सेंटरिंग व शटरिंग, लोखंडी सळया.’ नेमकेपणा महत्त्वाचा, वाक्याचा ऐटदार प्रवाह नव्हे.

पडताळणीसाठी मी दोन्ही वर्णनस्तंभांत हे शब्द असलेल्या ओळी मोजतो :

```
=COUNTIF(Sheet1!B:B,"*excluding*")
=COUNTIF(Sheet2!C:C,"*वगळून*")
```

तोडलेल्या वाक्यांसाठी ‘धरलेल्या नाहीत’ हे शब्द वेगळे मोजून दुसऱ्या आकड्यात मिळवावेत. दोन्हींचा मेळ लागला नाही, तर कुठेतरी एक हद्द हरवली आहे.

६. एककांविषयी थोडेसे

वर दोन वेगळ्या ओळींत २८.८ हाच आकडा आलेला चाणाक्ष वाचकाने पाहिला असेल : एकदा घनमीटरमध्ये खोदकामासाठी, एकदा चौरस मीटरमध्ये शटरिंगसाठी. हा निव्वळ योगायोग होता, पण मी आकड्यावरून ओळ शोधून एकक चिकटवत होतो आणि शटरिंगसमोर ‘घनमीटर’ पडले. रक्कम बदलली नाही, म्हणून बेरीज तपासून ही चूक सापडली नसती. एकक नेहमी बाबीच्या क्रमांकावरून जुळवावे.

संक्षेप वापरताना ‘घ. मी.’ आणि ‘चौ. मी.’ चालतात, पण मेट्रिक टन आणि मीटर यांच्या इंग्रजी संक्षेपांत एकाच अक्षराचा फरक असतो. लोखंडाच्या ओळीसमोर ‘मीटर’ लिहिण्याची चूक त्यातूनच होते. शंका आली तर परिमाण पाहावे. एकक बदलून लिहिणे तर कधीच करू नये. रेती किंवा खडी ब्रासमध्ये सांगितली की समितीला बरे कळते, हे खरे आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. पण हे रूपांतर बैठकीत तोंडी सांगावे, तक्त्यात लिहू नये.

७. विनिर्देशांच्या टिपा

या टिपांत भाषेचे दोन सापळे मला वारंवार भेटले.

पहिला ‘नॉमिनल साइझ’. सवयीने हात ‘नाममात्र’कडे जातो, आणि ‘नाममात्र २० मिमी खडी’ वाचून कोणालाही वाटेल की खडी नावापुरती आहे. इथे अर्थ आहे तो खडीच्या मापाला दिलेल्या नावाचा : चाळणीच्या ठरलेल्या मापावरून त्या खडीचे नाव पडते आणि प्रत्यक्षात तिच्यात लहान-मोठे दाणे मिसळलेले असतात. मी ‘२० मिमी नाममापाची, प्रतवारीची खडी’ असे लिहितो.

दुसरा ‘नॉट एक्सीडिंग’. भारतीय मानक १२०० मध्ये गिलाव्याची मोजणी करताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत. ‘०.५ चौ. मी. पेक्षा कमी’ असे भाषांतर केले, तर नेमक्या ०.५ चौरस मीटरचा झरोका बाहेर पडतो, आणि आमच्या मंडपात तसे आठ झरोके होते. ‘पर्यंत’ किंवा ‘पेक्षा जास्त नसलेल्या’ हेच शब्द बरोबर आहेत.

चिऱ्याच्या बांधकामाच्या टिपेत मात्र मी शब्दकोशाचा आधार सोडला. तिथे ‘जांभा दगड’ लिहिण्यापेक्षा ‘घडीव चिरे’ लिहिले, कारण चिरे पुरवणारा, बसवणारा आणि मोजणारा, तिघेही तोच शब्द बोलतात.

८. सोपवण्यापूर्वी

मराठी प्रतीच्या पहिल्या पानावर एक टीप असावी, आणि तिचा मजकूर अभियंत्याकडून मान्य करून घ्यावा. मी लिहितो ती अशी : ‘ही प्रत वाचनाच्या सोयीसाठी आहे. मजकुरात फरक आढळल्यास करारनाम्याला जोडलेली इंग्रजी प्रत ग्राह्य धरावी.’ त्याखाली मूळ फाइलची तारीख आणि सुधारणा क्रमांक लिहावा.

त्यानंतर खोदकाम, काँक्रीट आणि गिलावा यांच्या निदान एकेक ओळी साइटवरच्या मुकादमाला वाचून दाखवाव्यात आणि त्याला विचारावे, “या दरात तू काय काय करून देणार?” त्याच्या उत्तरात फळ्या, पाणी मारणे किंवा माती टाकणे यांपैकी जे जास्तीचे आले किंवा राहून गेले, तिथे तुमचे वाक्य पुन्हा पाहावे. आमच्या मुकादमाने काँक्रीटची ओळ ऐकून आधी विचारले होते, “लोखंड कोणाचे?” मी ‘वगळून’ लिहिले होते, पण ते वाक्याच्या पाचव्या ओळीत होते.

सुधारित बीओक्यू आला, तर जुन्या मराठीत नुसते बदललेले आकडे भरू नयेत. आमच्या दुसऱ्या आवृत्तीत परिमाणे तीच होती, पण ५० मीटरच्या लीडऐवजी माती देवस्थानाच्याच शेतात, २०० मीटरवर टाकायची होती, आणि हा बदल वर्णनाच्या मध्यभागी एका आकड्यात दडलेला होता. दोन्ही इंग्रजी आवृत्त्यांचे वर्णनस्तंभ आधी वरच्याच `EXACT` सूत्राने, त्यात `A2`ऐवजी `B2` घालून, एकमेकांशी पडताळावेत आणि जिथे `FALSE` येईल तेवढ्याच ओळी नव्याने भाषांतरित कराव्यात.